सातबारावर नाव किंवा क्षेत्र चुकलंय: अर्ज कुणाकडे द्यायचा आणि हरकत कोण ऐकतं?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या तहसील कचेऱ्यांमध्ये अर्ज लिहून देताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. सातबाराच्या सगळ्याच भानगडी यात नाहीत. नाव किंवा क्षेत्र चुकलंय आणि ते दुरुस्त करायचंय, एवढ्यापुरतंच हे पान आहे.

माझ्या सातबारावर चूक आहे. पहिल्यांदा कुणाकडे जाऊ?

आधी कुणाकडेच नको. आधी चूक कुठे जन्मली ते शोधा. अर्ज कुठल्या टेबलावर जाणार हे त्यावरच ठरतं. लोक थेट तलाठ्याकडे जातात (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठी किंवा भाऊसाहेबच म्हणतात). भाऊसाहेब म्हणतात "तहसीलला जा", तहसील म्हणतं "प्रांताकडे अपील करा", प्रांत ऑफिस म्हणतं "मोजणी ऑफिसला विचारा". प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबर बोलत असतो. चूक नेमकी कुठली आहे हे मात्र अर्जदाराने कुणालाच सांगितलेलं नसतं.

शोधायचा धागा म्हणजे फेरफार क्रमांक. सातबारावरचं कुठलंही नाव कुठल्या तरी फेरफाराने आत आलेलं असतं आणि कुठल्या तरी फेरफाराने बाहेर जातं. फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद. सातबाराच्या नव्या नमुन्यात नावासमोर फेरफाराचा क्रमांक असतो आणि जुन्या फेरफारांचे क्रमांकही छापलेले असतात. त्या फेरफाराची नक्कल काढा आणि सातबारासमोर ठेवा. मग तीनपैकी एक गोष्ट दिसेल. फेरफार बरोबर असेल आणि सातबारावर उतरवताना चूक झाली असेल. किंवा फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल. किंवा बदल दिसतोय पण त्याला फेरफारच नाही, असं असेल. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात वाट तहसीलदाराकडे जाते, दुसऱ्यात प्रांताकडे.

जुने कागद कुठून आणायचे?

फेरफार आणि हस्तलिखित सातबाराच्या नकला तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात. अर्ज करताना फक्त "जुना सातबारा" लिहू नका. गट नंबर आणि वर्षं लिहा, शक्य असेल तर एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबरही लिहा. हस्तलिखित सातबाराचं पुस्तक साधारण दर दहा वर्षांनी नवीन लिहिलं जायचं. म्हणून एकच नक्कल काढून भागत नाही. प्रत्येक पुस्तकातली एक अशी साखळी लागते. ज्या दोन पुस्तकांच्या मध्ये नाव गळलं किंवा आकडा बदलला, तिथेच चूक आहे.

आजचा सातबारा bhulekh.mahabhumi.gov.in वर फुकट पाहता येतो, पण तो फक्त माहितीपुरता. अर्जाला जोडायचा असेल तर digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सही असलेला घ्या. त्याला पंधरा रुपये लागतात.

कलम १५५ म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं हे कलम आहे. हक्कनोंदणीतल्या तीन प्रकारच्या चुका त्याखाली दुरुस्त होतात: कारकुनी चुका, ज्या चुका झाल्याचं सगळे संबंधित मान्य करतात त्या, आणि तपासणी करताना महसूल अधिकाऱ्याच्या स्वतःच्या लक्षात आलेल्या. कलमात अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेत, पण प्रत्यक्षात ते तहसीलदार वापरतात. खटाव तालुक्यातल्या गावाचा अर्ज वडूजला द्यायचा, खानापूर तालुक्यातल्या गावाचा विट्याला.

"कारकुनी" या शब्दावर सगळं अडतं. उतरवताना, बेरजेत, आकड्यांची अदलाबदल होऊन किंवा नाव लिहिताना जी चूक होते आणि दोन कागद शेजारी ठेवले की कुणालाही दिसते, ती कारकुनी. जिच्यासाठी साक्षी घ्याव्या लागतात, मृत्युपत्र खरं की खोटं ते ठरवावं लागतं, वाटणी झाली होती की नव्हती हे तपासावं लागतं, ती कारकुनी नव्हे. तशी गोष्ट १५५ खाली तहसीलदाराने ठरवली तर वरच्या अपिलात आदेश टिकत नाही. अर्ज मंजूर झाला म्हणून पेढे वाटलेले आणि वर्षभराने आदेश रद्द झालेला, असे मी बरेच पाहिलेत.

या कलमाला मुदत नाही, दुरुस्ती "कोणत्याही वेळी" करता येते. वीस वर्षांपूर्वीची उतरवण्याची चूकसुद्धा आज सुधारता येते.

एखादं उदाहरण सांगा की, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातलं एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून नंबर बदलले आहेत.

गट ४१२, एकूण क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, म्हणजे जुन्या भाषेत चार एकर. त्यात दोन खाती, थोरल्या घराचं ०.८१ आणि धाकट्या घराचं ०.८१. थोरला भाऊ वारल्यावर १९९४ साली वारसाचा फेरफार झाला आणि चार नावं लागली: बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी लग्न होऊन सांगली जिल्ह्यात दिलेली. पुढे तिच्या मुलाला शेतकरी ओळख क्रमांकासाठी आईचा उतारा लागला, म्हणून त्याने ऑनलाइन पाहिलं. आईचं नावच नाही. शिवाय तिच्या माहेरच्या खात्याचं क्षेत्र ०.१८ दिसत होतं.

क्षेत्राची चूक पकडायला फेरफारही लागला नाही, बेरीज पुरली. ०.१८ अधिक ०.८१ म्हणजे ०.९९, आणि वर एकूण क्षेत्र छापलंय १.६२. ०.६३ कमी पडतंय. ०.८१ मधून ०.१८ वजा केले तरी उत्तर ०.६३ च येतं. म्हणजे ८१ चं १८ झालंय, आकडे उलटे पडलेत. हस्तलिखित पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ०.८१ स्वच्छ लिहिलेलं होतं. ही चूक संगणकात भरताना झाली. अशी बेरीज न जुळणारे सातबारे खुद्द तलाठ्याच्या प्रणालीतही वेगळ्या अहवालात दिसतात, त्यामुळे ती नाकारायला कुणाला जागाच नसते.

नावाची चूक मात्र त्याहून जुनी निघाली. १९९४ नंतरच्या पुस्तकात चारही नावं होती. त्यानंतर नवीन लिहिलेल्या पुस्तकात तीनच. चौथं नाव कशाने गेलं? हक्कसोड पत्र झालं असतं तर त्याचा फेरफार असता आणि जुन्या पानावर तिच्या नावाला कंस पडलेला असता. हाताने लिहिलेल्या सातबारावर कमी झालेलं नाव कंसात टाकत, फाडून काढत नसत. इथे कंस नव्हता आणि फेरफारही नव्हता. उतरवणाऱ्याने चौथी ओळ लिहिलीच नव्हती, बस्स.

दोन्ही चुका एकाच अर्जात, कलम १५५ खाली, तहसीलदाराकडे गेल्या. सोबत आजचा सातबारा, खाते उतारा ८-अ, १९९४ च्या फेरफाराची नक्कल आणि दोन्ही पुस्तकांतल्या पानांच्या नकला. तहसीलदारांनी मंडळ अधिकाऱ्यांमार्फत तलाठ्याचा अहवाल मागवला आणि गटातल्या सगळ्या खातेदारांना नोटिसा काढल्या. धाकट्या घरालाही काढल्या, कारण क्षेत्र त्याच गटातलं होतं. धाकट्या घराने पहिल्याच तारखेला लेखी जबाब दिला की "आमची हरकत नाही, आमचे ०.८१ कायम राहावेत". क्षेत्राचा प्रश्न तिथेच संपला.

नावाला मात्र थोरल्या मुलाने हरकत घेतली. "आत्याच्या घरी सोनं दिलं, लग्नात खर्च केला, तिने तोंडी हक्क सोडला." आत्या म्हणजे त्याच्या मुलांची आत्या, म्हणजे त्याची सख्खी बहीण. कचेरीत बोलताना नाती अशीच मुलांच्या तोंडची होतात. यावर तहसीलदारांनी जो मुद्दा धरला तोच योग्य होता. तिने हक्क सोडला की नाही हा या अर्जातला प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की मंजूर फेरफाराने लागलेलं नाव कुठल्या फेरफाराने कमी झालं. तसा फेरफार दाखवता आला नाही. जमिनीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं, तेही नव्हतं. आदेश झाला. मग त्या आदेशाचा फेरफार धरला गेला, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला आणि चार नावांचा, ०.८१ चा सातबारा निघाला. सगळ्याला आठ महिने लागले, त्यातले तीन नकला मिळवण्यात गेले.

कुणाचा वाटा किती हे या आदेशात कुठेही नव्हतं. ते तहसीलदार ठरवत नाहीत.

हरकत घेतली तर ती नक्की कोण ऐकतं? तलाठी, सर्कल, तहसीलदार की प्रांत?

हरकत कशावर आहे त्यावर हे अवलंबून आहे.

नवीन फेरफार नुकताच धरलाय, अजून मंजूर झालेला नाही, आणि त्यावर तुमची हरकत आहे. तर ती तलाठ्याकडे लेखी द्यायची. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीला पंधरा दिवस असतात. प्रलंबित फेरफार "आपली चावडी" या ऑनलाइन सोयीतही दिसतात, म्हणून पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी अधूनमधून तिथे आपलं गाव पाहत जावं. हरकत आली की तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये, घ्यायची आणि लगेच लेखी पोच द्यायची. संहितेच्या कलम १५० मध्ये तसं स्पष्ट आहे. "ठेवा, बघतो" ही पोच नव्हे. हरकतीवर निर्णय द्यायचा अधिकार मात्र तलाठ्याला नाही. कायदा म्हणतो की अव्वल कारकुनाच्या दर्जाखाली नसलेल्या अधिकाऱ्याने तो द्यायचा. व्यवहारात बहुतेक ठिकाणी मंडळ अधिकारी, म्हणजे आपले सर्कल, तक्रार केस चालवतात. दोन्ही बाजूंना नोटीस, जबाब, कागद, मग निर्णय. त्यासाठी कायद्याने एक वर्षाची मुदत ठेवली आहे.

फेरफार मंजूर होऊन गेलाय आणि तो तुम्हाला मान्य नाही. मग सर्कलकडे परत जाऊन उपयोग नाही, एकदा प्रमाणित केलेली नोंद ते स्वतः मागे घेऊ शकत नाहीत. आता कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांताकडे, अपील करायचं. माण-खटावच्या लोकांसाठी ते दहिवडीला.

आणि कलम १५५ चा अर्ज चालू असताना समोरच्याने हरकत घेतली, तर ती तहसीलदारच ऐकतात. त्यांचा आदेश पटला नाही तर पुढे प्रांत.

अपिलाची मुदत किती? माझा फेरफार १९८७ चा आहे.

जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाला साठ दिवस मिळतात. आदेशाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून नकलेच्या अर्जाची तारीख आणि नक्कल मिळाल्याची तारीख जपून ठेवा.

मुदत उलटली असेल तर कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह, अपिलाबरोबरच द्यावा लागतो. त्यात "आम्ही अडाणी, आम्हाला माहीत नव्हतं" एवढं लिहून भागत नाही. कधी कळलं, कशावरून कळलं, कळल्यानंतर किती दिवसांत नक्कल मागितली, हे तारखांनी लिहा. त्या फेरफाराची नोटीस तुम्हाला कधीच बजावली नव्हती हे मूळ कागदात दिसत असेल, तर तो तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा. १९८७ च्या फेरफाराच्या पानावर नोटीस बजावल्याची सही किंवा अंगठा आहे का, तो कुणाचा आहे, हे पाहा. एकाच शाईत, एकाच वळणात चार भावांच्या सह्या मी पाहिल्यात. त्यातला एक भाऊ त्या वर्षी मुंबईच्या गिरणीत होता.

चाळीस वर्षांचा विलंब प्रत्येक वेळी माफ होईलच असं नाही. मध्यंतरी ती जमीन विकली गेली असेल, तर प्रांत फार सावध राहतात.

वकिलाने १५५ चा अर्ज करायला लावला, तहसीलदारांनी वर्षाने फेटाळला आणि "अपील करा" म्हणाले. आता?

हे फार होतं. चूक फेरफारात होती आणि अर्ज उतरवण्याच्या चुकीचा केला. आता प्रांताकडे मूळ फेरफाराविरुद्ध अपील करा. विलंब माफीच्या अर्जात सांगा की मधला काळ प्रामाणिकपणे, पण चुकीच्या अधिकाऱ्यासमोर दाद मागण्यात गेला. तहसीलदारांकडच्या अर्जाची आवक क्रमांकासह प्रत आणि त्यांचा आदेश जोडा. हे कारण सहसा ऐकलं जातं. मात्र फेटाळल्यानंतर पुन्हा सहा महिने घरी बसला असाल, तर त्या सहा महिन्यांचा हिशोब द्यावा लागेल.

नाव थोडंसं चुकलंय: सातबारावर "नामा", आधारवर "नामदेव". यालाही १५५ च?

इथे तीन पायऱ्या मागे जाऊन पाहावं लागतं. फेरफारात "नामदेव" आहे आणि सातबारावर "नामा" उतरलंय, तर ती १५५ ची साधी दुरुस्ती. फेरफारातही "नामा" आहे, पण ज्या खरेदीखतावरून फेरफार झाला त्यात "नामदेव" आहे, तर खरेदीखताची नक्कल किंवा इंडेक्स २ जोडून १५५ चाच अर्ज, कारण चूक कागदावरूनच दिसते.

पण खरेदीखतातच "नामा" लिहिलं असेल, तर महसूल खात्याची काहीच चूक नाही. त्यांनी दस्तात होतं तेच लिहिलंय. तिथे आधी दुय्यम निबंधक कार्यालयात चूक दुरुस्ती पत्र नोंदवावं लागतं, आणि त्याला दस्तातली दुसरी बाजू, म्हणजे विकणारा किंवा त्याचे वारस, हजर असावे लागतात. नंतर त्या पत्रावरून फेरफार होतो. लोक ही पायरी चुकवायला पाहतात आणि "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र तहसीलला देतात. वडिलोपार्जित नोंदीत ते आधाराला चालतं, नोंदणीकृत दस्तातलं नाव मात्र प्रतिज्ञापत्राने बदलत नाही.

क्षेत्र चुकलंय म्हणजे नेहमीच तहसीलदार का?

नाही, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. सातबारावरचं क्षेत्र मुळात येतं ते भूमि अभिलेख खात्याच्या आकारबंदावरून. आकारबंद म्हणजे गावातल्या प्रत्येक सर्व्हे किंवा गट नंबरचं क्षेत्र आणि आकार लिहिलेलं मूळ पत्रक. म्हणून क्षेत्राची शंका आली की तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयातून आकारबंदाची नक्कल काढा. आकारबंदात १.६२ आणि सातबारावर १.२६ असेल, तर चूक सातबाराची, वाट तहसीलची. आकारबंदातच १.२६ असेल आणि तुमचं म्हणणं असेल की मूळ मोजणीत किंवा गणितात चूक झाली, तर तहसीलदार काहीही करू शकत नाहीत. तो विषय भूमि अभिलेख खात्याचा. ते गुणाकार बुक, फाळणी आणि जुना नकाशा तपासतात, आणि चूक निघाली तर कमी-जास्त पत्रक तयार करतात. गावात त्याला केजेपी म्हणतात. ते पत्रक आल्यावरच तलाठी सातबारावर फेरफार घालतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे तो एकत्रीकरण योजनेचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ही योजना राबवली गेली, जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले. तेव्हा एकाची जमीन दुसऱ्याच्या गटात गेली, किंवा वहिवाट एकीकडे आणि सातबारा दुसरीकडे, असं अनेक ठिकाणी झालं. सातबारा, आकारबंद, सगळे कागद एकमेकांशी जुळतात, फक्त जागेवरच्या वहिवाटीशी जुळत नाहीत. त्याच कायद्यात योजनेतली लेखनाची किंवा गणिताची चूक सुधारायची तरतूद आहे आणि योजना बदलायची तरतूदही आहे. दोन्हीही भूमि अभिलेख खात्याकडे, १५५ खाली नाही. योजना बदलण्याच्या जुन्या मागण्या न्यायालयांनी उशिरामुळे नाकारल्या आहेत, त्यामुळे शेजाऱ्याशी समजुतीने होत असेल तर ते आधी करून पाहा.

शेजाऱ्याने बांध कोरलाय, माझं क्षेत्र कमी भरतंय. सातबारा दुरुस्त करता येईल?

सातबारा बरोबर असेल तर दुरुस्त काय करणार? मोजणीचा अर्ज करा, हद्दी ठरवून घ्या. अतिक्रमण निघालं तर तो दिवाणी वाद आहे.

एकर-गुंठ्यातून हेक्टर-आर करताना चूक झाली असेल तर कशी ओळखायची?

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे आणि ४०.४७ आर. गुंठा साधारण एक आर एवढाच, म्हणून गुंठ्यांना आर धरून केलेली घाईची नोंद पहिल्या नजरेला बरोबर वाटते. नेहमी दिसणारी चूक म्हणजे "२ एकर २० गुंठे" चं "२.२०" झालेलं. खरं ते शंभर गुंठे, म्हणजे १ हेक्टर १ आर. २.२० हेक्टर झालं की शेतकऱ्याला आनंद होतो आणि शेजाऱ्याला धक्का बसतो. उलटंही होतं: ४ गुंठे म्हणजे ०.०४ असायला हवं आणि ०.४० पडतं. दोन्ही वेळा आधी गटाची बेरीज करा, मग आकारबंद पाहा. पोटखराबा वेगळा लिहिलेला असतो, तो बेरजेत धरायला विसरू नका. नाहीतर नसलेली चूक सापडते.

अर्जात काय लिहायचं?

थोडक्यात आणि एकच मागणी. असा एक मसुदा:

"मा. तहसीलदार साहेब यांस. विषय: मौजे ……, गट क्र. …… च्या गाव नमुना ७ मध्ये कलम १५५ अन्वये दुरुस्ती. सदर गटावर फेरफार क्र. …… दि. …… अन्वये आमची आई …… हिचे नाव दाखल झाले होते. सन …… ते …… च्या सातबारावर ते आहे. सन …… पासूनच्या सातबारावर ते नाही. मध्यंतरी नाव कमी करण्याचा कोणताही फेरफार झालेला नाही. तरी सदर नाव पूर्ववत दाखल करण्याचा आदेश व्हावा, ही विनंती."

त्यात बहिणीने किती अन्याय सोसला, भावजय काय म्हणाली, वाटणी कशी व्हायला हवी, हे घालू नका. तसं लिहिलं की अर्ज हक्काच्या वादाचा दिसायला लागतो आणि समोरचा वकील पहिल्या तारखेला म्हणतो, "साहेब, हा दिवाणी वाद आहे." तो बरोबर असतो. दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. फक्त संगणकात भरताना झालेली तफावत असेल तर ई-हक्क प्रणालीतून pdeigr.maharashtra.gov.in वर घरूनही अर्ज करता येतो.

मला नोटीस न देताच माझं नाव १५५ खाली काढलं. आता काय?

आदेशाची नक्कल घ्या आणि साठ दिवसांत प्रांताकडे अपील करा. ज्याचा हक्क कमी होतोय त्याला नोटीस देऊन म्हणणं ऐकायला हवं होतं, ते ऐकलं नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा, की ही कारकुनी चूकच नव्हती. अपिलासोबत स्थगितीचा अर्जही द्या, नाहीतर अपील चालू असतानाच नवीन सातबारावरून खरेदी होऊन जाते. प्रांतांचा निकाल मान्य नसेल तर दुसरं अपील अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे साताऱ्याला किंवा सांगलीला.

मग दिवाणी कोर्टात कधी जायचं?

जेव्हा खरा प्रश्न "जमीन कुणाची" हा असेल तेव्हा. सातबारावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, असं कलम १५७ म्हणतं. पण नोंदीने मालकी मिळत नाही आणि नोंद गेल्याने मालकी जातही नाही. वाटणी, मृत्युपत्र, खोटी सही, बक्षीसपत्र रद्द करणं, हे सगळं दिवाणी न्यायालयात. तिथला हुकूमनामा आला की त्यावरून फेरफार होतो, तेव्हा महसूल अधिकाऱ्याला त्यावर वेगळं मत उरत नाही.

आदेश झाला, तरी सातबारा तोच दिसतोय. का?

आदेश आणि सातबारा यांच्यामध्ये एक फेरफार असतो. आदेश तलाठ्याकडे पोचला का, त्याचा फेरफार धरला का, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला का, या क्रमाने विचारा. सातबाराच्या नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफार आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक छापून येतो, त्यावरून गाडी कुठे अडली ते घरबसल्या कळतं.

नवीन उतारा निघाला की बेरीज पुन्हा करा. नावाचं स्पेलिंग पाहा आणि ८-अ सुद्धा काढा. एकदा नाव सातबारावर बरोबर लागलं, पण खातं जुनंच राहिल्यामुळे ८-अ वर क्षेत्र दुसऱ्याच्या खात्यात दिसत होतं. सोसायटीने कर्ज मंजूर करताना ८-अ च पाहिला होता.